दूध वाढलं की हंगाम आला? महिन्याच्या आकड्यांवर सरकती सरासरी लावताना किती महिने धरायचे

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या दूध संस्थांचं वर्ष ठरलेलं असतं. पाऊस लागला की हिरवी वैरण सुरू होते, पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ बऱ्याच म्हशी व्यातात, आणि दसरा-दिवाळीला डेअरीतले कॅन भरून वाहतात. संक्रांतीनंतर दूध उतरायला लागतं. एप्रिल-मेमध्ये गोठ्यात भाताचं पिंजर तेवढं उरतं आणि म्हशी आटलेल्या असतात. त्यामुळे नोव्हेंबरच्या बैठकीत कुणी म्हणालं, "मेपेक्षा दीडशे लिटर दूध वाढलंय की!" तर ते खोटं नसतं. पण त्यावरून संस्था वर चालली आहे की खाली, हे काहीच कळत नाही. नोव्हेंबरात दूध वाढायचंच असतं.

हंगामाची ही लाट बाजूला काढून खालची खरी पातळी बघायची, तर सरकती सरासरी हे सगळ्यांत सोपं हत्यार आहे. पाठ्यपुस्तकात तिला चल सरासरी म्हणतात. दर महिन्याला मागच्या ठरावीक महिन्यांची सरासरी काढायची, नवा महिना आला की सगळ्यात जुना सोडून द्यायचा. किती महिने धरायचे, त्याला खिडकी म्हणू. हिशेब शाळेतला आहे. फसगत होते ती खिडकी निवडताना. म्हणून या लेखात बहुतेक जागा मी तिलाच देणार आहे.

आधी आकडे सारखे करा

दूध संस्थेच्या रजिस्टरमध्ये महिन्याचं एकूण दूध असतं. ते तसंच वापरू नका. फेब्रुवारी २८ दिवसांचा आणि जानेवारी-मार्च ३१ दिवसांचे, म्हणजे दूध रोज तेवढंच आलं तरी फेब्रुवारीचा आकडा जवळजवळ दहा टक्के कमी दिसणार. एकूण लिटरला दिवसांनी भागा आणि "रोजचे सरासरी लिटर" हा आकडा धरा. एखाद्या महिन्यात दोन दिवस संकलनच बंद असेल, तर चालू दिवसांनी भागा.

याहून मोठी अडचण बिलांची असते. दर दहा दिवसांनी बिल काढणाऱ्या संस्थेत महिन्यात तीन बिलं बसतात, तिथे फारसा प्रश्न नाही. पण आठवड्याला बिल असेल आणि सेक्रेटरींनी बिलाच्या तारखेप्रमाणे महिना लावला असेल, तर काही महिन्यांत चार बिलं येतात आणि काहींत पाच. पाच बिलांचा महिना चारवाल्यापेक्षा एकदम पंचवीस टक्क्यांनी फुगतो, आणि ती फूग दरवर्षी वेगळ्या महिन्यात येते. असं असेल तर बिलं बाजूला ठेवून रोजच्या संकलनाच्या वहीतून महिना पुन्हा मांडा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये A रकान्यात महिन्याची पहिली तारीख, B मध्ये महिन्याचं एकूण दूध, आणि C मध्ये हे सूत्र:

```
=IF(B2="","",B2/DAY(EOMONTH(A2,0)))
```

`EOMONTH` त्या महिन्याची शेवटची तारीख देतं आणि `DAY` त्यातून दिवसांची संख्या. लीप वर्षाचा फेब्रुवारीही त्यात आपोआप येतो. B कोरा असेल तर `IF` मुळे C ही कोराच राहतो, तिथे शून्य येत नाही. यापुढे C हाच आपला आकडा. B ला हात लावायचा नाही.

दोन वर्षांचं उदाहरण

खालचे आकडे मी उदाहरणासाठी बेतलेले आहेत, कुठल्या एका संस्थेचे नाहीत. पण चढउतार खानापूरकडच्या छोट्या म्हैस-दूध संस्थेत दिसतील असेच ठेवले आहेत. आकडे रोजच्या सरासरी लिटरचे. पत्रकात एप्रिल २०२३ दुसऱ्या ओळीत आहे आणि मार्च २०२५ पंचविसाव्या ओळीत. शेवटच्या रकान्यात दुसऱ्या वर्षातल्या त्या-त्या महिन्याअखेरची १२ महिन्यांची सरासरी दिली आहे.

| महिना | २०२३-२४ | २०२४-२५ | १२ महिन्यांची सरासरी |
|---|---|---|---|
| एप्रिल | ५४८ | ५४२ | ५९९.५ |
| मे | ४८६ | ४९२ | ६००.० |
| जून | ५०५ | ४८७ | ५९८.५ |
| जुलै | ५५३ | ५४७ | ५९८.० |
| ऑगस्ट | ६२२ | ५९२ | ५९५.५ |
| सप्टेंबर | ६३१ | ६०७ | ५९३.५ |
| ऑक्टोबर | ६८० | ६३८ | ५९०.० |
| नोव्हेंबर | ६८४ | ६५४ | ५८७.५ |
| डिसेंबर | ६७६ | ६२८ | ५८३.५ |
| जानेवारी | ६५९ | ६११ | ५७९.५ |
| फेब्रुवारी | ६०२ | ५४८ | ५७५.० |
| मार्च | ५५४ | ५०६ | ५७१.० |

पहिल्या वर्षाची सरासरी बरोबर ६०० लिटर. आता २०२४ च्या जून ते नोव्हेंबरकडे बघा: ४८७, ५४७, ५९२, ६०७, ६३८, ६५४. नुसती ही रांग बघणाऱ्याला वाटेल, संस्था जोरात आहे.

३, ६ आणि १२: तिन्ही लावून बघा

सरासरी लावायची म्हटलं की पुष्कळ जण तीन महिन्यांची लावतात. "तिमाही" हा शब्द तोंडात बसलेला असतो म्हणून असेल. जून २०२४ अखेरची तीन महिन्यांची सरासरी येते ५०७. नोव्हेंबर २०२४ अखेरची ६३३. म्हणजे रेघ १२६ लिटरनी वर गेली. दोनचार लिटरचा खडबडीतपणा गेला, पण हंगामाची लाट जशीच्या तशी उरली. चेअरमन खूश, आणि फसलेलेही.

मग कुणी सुचवतं, अर्ध्या वर्षाची घ्या. सहा महिन्यांची सरासरी ऑगस्ट २०२४ अखेर सुमारे ५३६ आणि जानेवारी २०२५ अखेर सुमारे ६२२. लाट थोडी बुटकी झाली, पण गेली नाही. त्यात आणखी एक वाईट गोष्ट घडली. दूध सगळ्यात जास्त आलं नोव्हेंबरात आणि या रेघेचं टोक आलं जानेवारीत. दूध दोन महिने उतरत असताना रेघ अजून चढतेच आहे. ही रेघ भिंतीवर लावली तर जानेवारीच्या बैठकीत कुणीतरी पशुखाद्याची जादा गाडी मागवेल. माझ्या मते हंगामी आकड्यांवर सहा महिन्यांची सरासरी ही तीनपेक्षाही धोक्याची, कारण ती गुळगुळीत दिसते आणि गुळगुळीत रेघेवर माणूस विश्वास ठेवतो.

आता १२ महिन्यांची. तक्त्यातला शेवटचा रकाना वरून खाली वाचा. ६०० च्या आसपास दोन-तीन महिने रेंगाळते आणि मग एकदाही वर न वळता ५७१ वर येते. मे ते नोव्हेंबर रोजचं दूध दीडशेहून जास्त लिटरनी वाढलं तेव्हाही ही रेघ उतरतच होती. खरी बातमी ती आहे: हंगाम नेहमीसारखा आला, पण संस्था खाली चालली आहे.

सूत्र साधं आहे. D रकान्यात तेराव्या ओळीत, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मार्चसमोर, हे लिहा आणि खाली ओढा:

```
=AVERAGE(C2:C13)
```

वरच्या अकरा ओळी रिकाम्याच राहणार. त्या भरण्यासाठी कमी महिन्यांची सरासरी घुसडू नका. पाच महिन्यांची सरासरी आणि बारा महिन्यांची सरासरी एका रेघेत जोडली, तर सुरुवातीला नसलेला चढ किंवा उतार दिसतो.

एक्सेलमध्ये आलेखावरच्या रेघेवर उजवी क्लिक करून `Add Trendline` मधून `Moving Average` ही निवडता येते. पण तिथे `Period` आपोआप २ असतो आणि तो तसाच ठेवणारे बरेच असतात. शिवाय सरासरीचे आकडे हाताला लागत नाहीत, नुसती रेघ दिसते. रकान्यात सूत्र लिहिणंच बरं.

बाराच का

कारण सलग कुठलेही बारा महिने घेतले तरी त्यात एक एप्रिल असतो, एक मे असतो, एक नोव्हेंबर असतो. प्रत्येक महिना नेमका एकदा. मेची ओढ आणि नोव्हेंबरची भर दर वेळी दोन्ही आत असतात, म्हणून एकमेकांना खाऊन टाकतात. तीनच्या खिडकीत कधी नुसता उन्हाळा असतो, कधी नुसती दिवाळी. दहाच्या खिडकीत दोन महिने बाहेर राहतात आणि ते दर वेळी वेगळे असतात, म्हणून तिथेही लाट झिरपते. तेराच्या खिडकीत एक महिना दुप्पट होतो.

म्हणजे खिडकीची लांबी "किती गुळगुळीत हवं" यावर आधी ठरत नाही. हंगामाचा फेरा केवढा, यावर ती ठरते. महिन्याचे आकडे आणि वर्षाचा फेरा असेल तर १२, किंवा २४, ३६ असे त्याचे पट. हंगामाची वर्षात दोन शिखरं असली तरीही १२ च, कारण दोन्ही शिखरं एकसारखी क्वचितच असतात. तिमाही आकडे असतील तर ४.

मग २४ का नाही? काही वेळा चालेल, पण तिची किंमत उशिरात मोजावी लागते. मागच्या महिन्यांची सरासरी ही खरं तर आजची पातळी सांगत नाही, खिडकीच्या मध्यावरची सांगते. १२ च्या खिडकीत तो मध्य साडेपाच महिने मागे असतो, २४ च्या खिडकीत साडेअकरा. दहा-पंधरा वर्षांचे आकडे असतील आणि लांब पल्ल्याचा कल बघायचा असेल, तर २४ किंवा ३६ घ्या. पुढच्या वर्षी बल्क कूलर घ्यावा का, एवढं ठरवायचं असेल तर १२ वर थांबा.

रेघ का हलली, हे एका वजाबाकीत कळतं

या हत्याराची मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट आता सांगतो. नवा महिना आत आला की बारा महिन्यांपूर्वीचा तोच महिना बाहेर जातो, मधले अकरा तसेच राहतात. म्हणून सरासरीतला फरक इतकाच असतो: या वर्षीचा महिना वजा गेल्या वर्षीचा तोच महिना, भागिले १२.

ऑगस्ट २०२४ मध्ये ५९२ आत आला, ऑगस्ट २०२३ चा ६२२ बाहेर गेला. फरक उणे ३०, भागिले १२, उणे अडीच. रेघ ५९८ वरून ५९५.५ वर आली. डिसेंबरात ६२८ आत, ६७६ बाहेर, उणे ४८, म्हणून रेघ ४ नी उतरली.

यातून दोन गोष्टी हाताशी येतात. एक म्हणजे तपासणी. रेघेत विचित्र उडी दिसली तर गुन्हेगार दोनच महिन्यांतला एक असणार, आत आलेला किंवा बाहेर गेलेला. बाकी पत्रक चाळायची गरज नाही. दुसरी म्हणजे पुढचा अंदाज. एप्रिल २०२५ मध्ये रेघ ५७१ वर टिकायची असेल तर रोज ५४२ लिटर दूध यायला हवं. ५३० आलं तर रेघ बरोबर १ नी उतरेल. ५५४ आलं तर १ नी चढेल. संचालकांना "सरासरी वाढवा" म्हणण्यापेक्षा "एप्रिलला ५४२ ओलांडा, मेला ४९२" असं सांगितलं तर ते चटकन समजतं.

कुणी विचारेल, मग नुसती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना का करू नये? करा, पण एका महिन्यावर जाऊ नका. तक्त्यात मे २०२४ गेल्या मेपेक्षा ६ नी जास्त आहे आणि जून १८ नी कमी. वळवाचा पाऊस आठ दिवस अलीकडे-पलीकडे झाला, चार म्हशी लवकर व्यायल्या, एवढ्यानेही असं होतं. सरासरीत असा एखादा महिना बाराव्या हिश्शाने येतो. वीस लिटरचा गोंधळ तिथे दीड-दोन लिटरचा होतो. म्हणून एवढ्या आकाराच्या संस्थेत रेघ एका महिन्यात एखाददोन लिटर हलली तर मी तिकडे लक्ष देत नाही. एप्रिलची अर्ध्या लिटरची घट आणि मेची अर्ध्या लिटरची वाढ, दोन्ही सोडून द्यायच्या. पण ऑगस्टपासून उणे २.५, उणे २, उणे ३.५, उणे २.५, उणे ४ अशी एकाच दिशेची रांग लागली की ते हवामानावर ढकलता येत नाही. मग दूध घालणाऱ्यांची यादी काढून बघायची: किती घरं कमी झाली, की घरं तेवढीच आहेत आणि म्हशी कमी झाल्या, की दूध दुसऱ्या संकलन केंद्राकडे वळलं. सरहद्दीवरच्या गावांत दोन्ही राज्यांच्या संघांच्या गाड्या येत असल्या की हा शेवटचा प्रश्न पहिला विचारावा. सरासरी एवढंच सांगते की घट आहे. कारण रजिस्टरातच शोधावं लागतं.

रेघ कुठे काढायची: शेवटी की मध्यावर

आतापर्यंतची सरासरी आपण शेवटच्या महिन्यासमोर लिहिली. दर महिन्याच्या बैठकीसाठी ती ठीक आहे. पण "घसरण नेमकी कधी सुरू झाली" हा प्रश्न असेल तर ती चुकीचा महिना दाखवते, कारण मघाचा साडेपाच महिन्यांचा उशीर. तेव्हा सरासरी खिडकीच्या मध्यावर मांडायची.

१२ ही सम संख्या असल्याने इथे एक पेच येतो. एप्रिल ते मार्चचा मध्य सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या मधोमध पडतो, कुठल्याच महिन्यावर नाही. उपाय असा की लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढायची. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ ची ६००, मे २०२३ ते एप्रिल २०२४ ची ५९९.५; दोन्हींची सरासरी ५९९.७५, आणि ती बरोबर ऑक्टोबर २०२३ वर बसते. E रकान्यात आठव्या ओळीत:

```
=(D13+D14)/2
```

हे एकोणिसाव्या ओळीपर्यंत खाली ओढलं की झालं. असं केल्यावर खिडकी तेरा महिन्यांची दिसते, पण दोन्ही टोकांचे एप्रिल अर्धे-अर्धेच मोजले जातात, म्हणून एप्रिल एकदाच येतो आणि हंगाम पुसलेलाच राहतो. तेरा महिन्यांची सरळ `AVERAGE` घेणं म्हणजे ही गोष्ट नव्हे.

उदाहरणात मार्च २०२५ पर्यंतचे आकडे आहेत, तर मध्यावरची शेवटची सरासरी सप्टेंबर २०२४ ची निघते: (५७५ + ५७१) भागिले २, म्हणजे ५७३. त्याच सप्टेंबरसमोर D रकान्यात ५९३.५ आहे. हा वीस लिटरचा फरक म्हणजेच उशीर. सप्टेंबरात वहीतली सरासरी ५९३.५ दाखवत होती तेव्हा संस्था प्रत्यक्षात ५७३ च्या पातळीवर आलेली होती. हे तेव्हा कुणालाच कळू शकलं नसतं, कारण पुढचे सहा महिने आलेले नव्हते. मध्यावरच्या रेघेची अडचण हीच: शेवटचे सहा महिने ती मुकी असते. ते रिकामेच सोडा. तुटक रेघ ओढून ती पुढे न्यायचा मोह होतो, पण नेमका तिथेच कल वळलेला असू शकतो.

आलेखात मूळ आकडे फिक्या रंगात आणि त्यावर एकच सरासरी ठळक ठेवा. मासिक बैठकीला D, वार्षिक अहवालात मागचं वळण दाखवायला E. दोन्ही एकाच चित्रात घातल्या तर लोक त्या दोन रेघांतलं अंतर वाचायला लागतात, ज्यातून उशिराखेरीज काहीच कळत नाही.

रिकामी ओळ आणि उलटे झालेले अंक

`AVERAGE` रिकामी ओळ मोजतच नाही, आणि तक्रारही करत नाही. समजा मे २०२३ चं रजिस्टर सापडलं नाही आणि ती ओळ कोरी राहिली. मग मार्च २०२४ अखेरची सरासरी अकरा महिन्यांची होते: ६७१४ भागिले ११, म्हणजे ६१०. नेमका भाकड महिना गळाल्यामुळे पातळी दहा लिटरनी फुगली. कुणी तिथे शून्य भरलं तर ५५९.५ येते, ती त्याहून वाईट. म्हणून सूत्र असं लिहावं:

```
=IF(COUNT(C2:C13)=12,AVERAGE(C2:C13),"")
```

एकही महिना कमी असेल तर उत्तर कोरं राहील आणि तुम्हाला कळेल. कोऱ्या महिन्यात अंदाज भरायचाच असेल तर एप्रिल आणि जूनची सरासरी भरू नका, तिने मेचा खड्डा बुजतो. दुसऱ्या वर्षीचा मे घ्या: इथे ४९२. खरा आकडा ४८६ होता, म्हणजे फरक ६ आणि सरासरीत अर्धा लिटर. अंदाज भरलेल्या घराला रंग द्या, म्हणजे पुढच्या सेक्रेटरींना तो अंदाज आहे हे समजेल.

दुसरा घोळ टंकनाचा. ऑगस्ट २०२४ चे ५९२ टाइप करताना ९५२ झाले, तर ३६० लिटर जास्त आले, आणि सरासरी ३० नी वर गेली. पण ती त्या एका महिन्यातच वर जात नाही. तो आकडा खिडकीत असेपर्यंत, म्हणजे तो महिना धरून बारा महिने, प्रत्येक सरासरी ३० नी जास्त राहते. मार्च २०२५ ला ५७१ ऐवजी ६०१ दिसेल आणि घसरण झाली हेच लपून जाईल. मग ऑगस्ट २०२५ ला चुकीचा आकडा बाहेर पडताच रेघ तीस लिटरनी कोसळेल, त्या महिन्यात गावात काहीही घडलेलं नसताना. ओळखायची खूण हीच: एकदम पायरी, मग सपाट, आणि बरोबर बारा महिन्यांनी उलटी पायरी. अशी आकृती दिसली की पायरीच्या महिन्याचं रजिस्टर उघडा.

आकडा खराच विचित्र असेल तर गोष्ट वेगळी. जनावरांत साथ आली, रस्ता वाहून गेल्यामुळे पंधरा दिवस गाडी आली नाही, असे महिने चूक नसतात. ते पुसून टाकू नयेत. आलेखावर त्या महिन्याशी बारीक टीप लिहावी, आणि बारा महिन्यांनी तो बाहेर पडेल तेव्हा रेघ उगाच चढेल हे आधीच सांगून ठेवावं. नाहीतर त्या उसळीचं श्रेय घ्यायला कुणी ना कुणी उभं राहतंच.

सण सरकतो तेव्हा

दुधाचा हंगाम ऋतूवर चालतो, म्हणून १२ ची खिडकी त्याला नीट पुसते. बेळगावात शहापूरला किंवा खडेबाजारात कापडाचं दुकान असेल तर विक्री सणावर चालते, आणि सण इंग्रजी महिन्याशी बांधलेला नसतो. २०२२ ची गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट.

आता सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ ही खिडकी बघा. २०२२ ची गणपतीची खरेदी ऑगस्टमध्येच उरकलेली, २०२३ ची अजून सप्टेंबरात व्हायची. म्हणजे बारा महिने पूर्ण असूनही त्यात चतुर्थीची खरेदी जवळजवळ नाहीच. उलट सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या खिडकीत २०२४ च्या खरेदीचा बराच भाग येतो आणि २०२५ ची जवळजवळ सगळीच. पहिल्या खिडकीत धंदा बसल्यासारखा दिसतो, दुसरीत उसळल्यासारखा. दोन्ही वेळा दुकान होतं तसंच असू शकतं. खूण अशी की रेघ नेमकी ऑगस्टला वाकडी होते आणि सप्टेंबरला पुन्हा जागेवर येते.

यावर खिडकी वाढवून उपयोग नाही. सरासरी काढण्याआधी ऑगस्ट आणि सप्टेंबरची विक्री एकत्र करा आणि दोन्ही महिन्यांत निम्मी-निम्मी वाटा. मग सप्टेंबर ते ऑगस्ट या खिडकीतही एका वर्षाचा अर्धा सण आणि दुसऱ्या वर्षाचा अर्धा असा मिळून एक सण येतो. दिवाळीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरची जोडी अशीच करावी: २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ चं १२ नोव्हेंबरला. हे वाटप वेगळ्या रकान्यात करा आणि सरासरी त्याच रकान्यावरून काढा. मूळ विक्रीचा रकाना मात्र तसाच ठेवा. ऑगस्टमध्ये किती माल भरायचा हे ठरवायला तोच लागतो, तिथे निम्मा केलेला आकडा वापरला तर चतुर्थीच्या आधीच मांडणी रिकामी होईल.